पाच फ्लॅट, एक दिवस

कल्याण-डोंबिवलीकडची बरीच कुटुंबं हल्ली नाशिकला घर बघायला येतात. सकाळी तपोवन एक्स्प्रेसनं दहाच्या सुमारास नाशिकरोडला उतरायचं, एजंटच्या गाडीतून फिरायचं आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास येणाऱ्या परतीच्या तपोवननं घरी जायचं, असा त्यांचा बेत असतो. मधल्या सात-साडेसात तासांत पाच फ्लॅट बघणं अवघड नाही. तरी अनेकांचे तीनच बघून होतात, आणि तेही धावतपळत. बहुतेक वेळा यादीचा क्रमच चुकलेला असतो.

उदाहरणच घेऊ. यादीत पाच ठिकाणं आहेत: जेलरोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोडला आनंदवल्ली आणि पंचवटीच्या बाजूला हिरावाडी. एजंटला म्हटलं, 'अंतराप्रमाणे लावा', की तो स्टेशनपासूनचं अंतर बघतो. जेलरोड सगळ्यांत जवळ, म्हणून ते पहिलं. इंदिरानगर आणि हिरावाडी स्टेशनपासून साधारण सारख्याच अंतरावर, म्हणून ती दोन पाठोपाठ. मग पाथर्डी फाटा, शेवटी आनंदवल्ली. कागदावर हे शहाणपणाचं दिसतं. पण इंदिरानगर मुंबई-आग्रा रस्त्याच्या अलीकडे, तर हिरावाडी गोदावरीपलीकडे. दोन्हींच्या मध्ये द्वारका चौक. म्हणजे इंदिरानगरहून द्वारका ओलांडून नदीपार जायचं आणि पाथर्डी फाट्यासाठी पुन्हा तोच चौक ओलांडून परत यायचं. पुणे रस्ता आणि मुंबई-आग्रा रस्ता जिथे भेटतात तो हा चौक. वरून उड्डाणपूल झाला तरी खालची गर्दी काही हटलेली नाही, हे नाशिककरांना सांगायला नको. शिवाय शेवटचा फ्लॅट आनंदवल्लीत, म्हणजे गाडी पकडायच्या वेळी तुम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला.

स्टेशनपासून किती लांब, हा प्रश्न बाजूला ठेवा. एका फ्लॅटपासून पुढचा किती लांब, एवढंच विचारा. नकाशावर पाच ठिपके काढले की लगेच दिसतं, ते एका फेरीत बसतात. स्टेशनवरून इंदिरानगर, तिथून जवळच पाथर्डी फाटा, मग अंबड-सातपूरवरून आनंदवल्ली, नदी ओलांडून मखमलाबादच्या अंगानं हिरावाडी, आणि परतताना नांदूर नाका, दसकचा पूल करत जेलरोड. या शेवटच्या टप्प्यात द्वारका लागतच नाही. बाहेरून आलेल्यांना नांदूर नाक्याची वाट माहीत नसते. एजंटला ती पक्की ठाऊक असते, फक्त तुम्ही मागायला हवी.

आता ही फेरी उलटीही मारता येईल. जेलरोडपासून सुरुवात करून इंदिरानगरला संपवली तरी किलोमीटर तेवढेच. मग दिशा कशावरून ठरवायची? दाराशी तुमची वाट कोण बघतंय, यावरून.

इंदिरानगरचा फ्लॅट नव्या प्रकल्पातला. तिथे साईट ऑफिस दिवसभर उघडं असतं, सॅम्पल फ्लॅट कधीही दाखवतात. गाडी अर्धा तास लेट झाली तरी तिथे कुणाचं काही अडत नाही, म्हणून पहिला मान त्याचा. पाथर्डी फाट्याच्या फ्लॅटमध्ये भाडेकरू राहतात. मुलं शाळेत गेल्यावर आणि जेवणाची वेळ व्हायच्या आत गेलेलं त्यांना चालतं. आनंदवल्लीचा आणि हिरावाडीचा फ्लॅट रिकामा, चावी एजंटकडे. जेलरोडचे मालक नोट प्रेसमधून निवृत्त झालेले गृहस्थ. दुपारी झोपमोड नको, चारनंतर या, असा त्यांचा निरोप. शिवाय अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांची शिफ्ट सुटली की तिकडचे रस्ते दुचाकींनी भरून जातात. आपल्या फेरीत तो पट्टा दुपारी साडेबाराच्या आसपास लागतो. उलट दिशेनं आलात तर नेमके शिफ्ट सुटायच्या सुमारास तिथे सापडाल.

वेळा अशा बसतात. स्टेशनातून बाहेर पडून इंदिरानगरला पावणेअकरा. पाथर्डी फाट्याला अकरा चाळीस. तिथून सव्वाबाराला निघून एकच्या आत गंगापूर रोडला पोचायचं आणि आधी जेवून घ्यायचं. आनंदवल्लीचा फ्लॅट पावणेदोनला, हिरावाडीचा दोन पन्नासला, जेलरोडचा चारला. पावणेपाचच्या सुमारास तुम्ही जेलरोडवरून मोकळे, आणि स्टेशन दहा मिनिटांवर.

प्रत्येक फ्लॅटला पस्तीस मिनिटं धरली आहेत. खोल्या बघायला वीस पुरतात. पण गेटवर वॉचमनच्या वहीत नाव-नंबर लिहायचा, गाडी लावायची, लिफ्टची वाट बघायची, त्यात बाकीची जातात. एजंट हा हिशेब कधी धरत नाही. तो फक्त 'पाच मिनिटांवर आहे' एवढंच सांगतो. प्रवासाचे, बघण्याचे आणि जेवणाचे मिळून साधारण साडेसहा तास होतात. उरलेला वेळ प्रत्येक टप्प्यात थोडाथोडा वाटू नका, तो तसाच विरून जातो. त्यातला मोठा भाग शेवटी, स्टेशनजवळ ठेवा. सकाळचा उशीर जेवणाच्या पाऊण तासातून भरून काढता येतो. संध्याकाळचा उशीर कशातून भरून काढणार?

आदल्या दिवशी एजंटला तीन गोष्टी विचारायच्या. प्रत्येक फ्लॅटची चावी कुणाकडे आहे? हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण बऱ्याचदा फ्लॅट दुसऱ्याच एजंटच्या हातात असतो, तो ऐनवेळी दुसऱ्या पार्टीबरोबर कुठेतरी असतो, आणि तुम्ही जिन्यात उभे. दुसरं म्हणजे, सध्या कुठला रस्ता खोदलेला आहे? सिंहस्थाच्या तयारीची कामं शहरभर चालू असताना कालचा रस्ता आज मिळेल याची खात्री नाही. बुधवार असेल तर गोदाघाटाजवळून जाणंही टाळा, तिथे आठवडी बाजार भरतो. आणि तिसरं, नव्या प्रकल्पाचा महारेरा क्रमांक. पी या अक्षरानं सुरू होणारा तो क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाकला की प्रकल्प पूर्ण करण्याची तारीख घरबसल्या दिसते. ती तुम्हाला परवडणारी नसेल तर इंदिरानगरचा थांबा आदल्या रात्रीच यादीतून गेला आणि पाऊण तास हातात आला.

मग रात्री एजंटला एकच निरोप पाठवायचा. ठिकाण, वेळ, चावी कुणाकडे, पाच ओळींत पाच थांबे. खाली लिहायचं, 'क्रम बदलायचा असेल तर आत्ता सांगा.' चांगला एजंट एखादा बदल सुचवतो आणि कारणही सांगतो. 'आधी हा बघा, मग तो बघा' असं कारण न देता म्हणत असेल तर जरा सावध व्हा. आधी दोन सुमार फ्लॅट दाखवायचे आणि मग जो खपवायचा आहे तो, म्हणजे तो आपोआप चांगला वाटतो, ही त्या धंद्यातली जुनी रीत आहे.

एवढं ठरवलं तरी वाटेत कुठेतरी वाक्य येणारच: 'साहेब, जाता जाता इथेच एक आहे, बघून घ्या.' पाथर्डी फाट्याला असं म्हणाला तर नम्रपणे नाही म्हणा, कारण पुढे अजून तीन फ्लॅट बाकी आहेत. जेलरोडला म्हणाला तर जरूर बघा. तिथे तुमच्या हातात तास आहे, पुढे कुणी थांबलेलं नाही. आणि नवा फ्लॅट बघायचा नसेल तर त्याच तासात जेलरोडच्याच इमारतीखाली पंधरा मिनिटं उभे राहा. साडेचार-पाचला माणसं कामावरून परतू लागतात, पार्किंगला जागा पुरते का ते दिसतं, आणि पाणी किती वाजता येतं ते तिथे राहणाऱ्यांनाच विचारता येतं.