नाव न घेणारं इतिवृत्त

‘सविस्तर चर्चेअंती सर्वांचे रेटिंग निश्चित करण्यात आले.’ अप्रेझलच्या कॅलिब्रेशन बैठकीचं इतिवृत्त बऱ्याचदा या एका ओळीत आटोपतं. बैठक मात्र चार तास चाललेली असते, मॅनेजरांचे आवाज चढलेले असतात आणि दोनदा चहा झालेला असतो. एका मॅनेजरचा ‘४’ दुसऱ्याच्या ‘३’ एवढाच असतो. सगळ्यांची मापं एका काट्यावर आणायची, एवढ्यासाठीच ही बैठक असते. तिथं काय झालं हे लिहिलं नाही तर सहा महिन्यांनी कुणी जाब विचारला की उत्तर सापडत नाही. सगळं लिहिलं तर दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये प्रत्येकाचा आकडा फिरतो.

हा पेच सरकारी नोकरीत न्यायालयापर्यंत गेला आहे. देव दत्त हे सीमा रस्ते सेवेतले अभियंते. बढतीसाठी पाच वर्षं ‘अतिउत्तम’ शेरा हवा होता. १९९३-९४ सालच्या गोपनीय अहवालात त्यांना नुसता ‘चांगला’ मिळाला होता, आणि तो त्यांना कळवलाच नव्हता. प्रत्येक शेरा ज्याचा त्याला कळवलाच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला. पुढे २०१२ साली गिरीश देशपांडे यांचं प्रकरण आलं. अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयात पूर्वी असलेल्या एका अधिकाऱ्याला मिळालेले मेमो वगैरे त्यांनी माहितीच्या अधिकारात मागितले होते. कर्मचाऱ्याची कामगिरी हा मुख्यतः तो आणि त्याचा मालक यांच्यातला मामला आहे, व्यापक सार्वजनिक हित असल्याशिवाय ती माहिती तिसऱ्याला देता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. खासगी कंपनीला हे निकाल थेट लागू होत नाहीत. पण इतिवृत्त लिहायला बसलेल्या एचआरवाल्याला त्यातून वाट मिळते. ज्याचं त्याला दाखवता आलं पाहिजे, आणि दुसऱ्याचं दिसता कामा नये.

म्हणून कागद दोन. समजा, पुण्यातल्या एका कंपनीचा ४२ जणांचा विभाग आहे. बैठकीआधी ‘५’ मिळालेले ९, ‘४’चे १७, ‘३’चे १४ आणि ‘२’चे २. बैठकीनंतर ६, १८, १५ आणि ३. एकूण आठ रेटिंग बदलली : सात खाली, एक वर.

सर्वांना वाटायच्या कागदात तारीख, हजेरी, समोर ठेवलेली कागदपत्रं, वापरलेले निकष, आणि जवळच्या नात्यामुळे एखाद्या चर्चेच्या वेळी बाहेर गेलेला मॅनेजर असेल, तर तेवढी नोंद येते. कुणाच्या चर्चेच्या वेळी, ते नाही. मग निष्पत्ती. इथंच हात थरथरायला हवा. ‘एक रेटिंग वर गेलं’ असं छापलं की मेल उघडताच सगळे त्या एकाला शोधायला लागतात. म्हणून फक्त ‘आठ रेटिंग बदलली’. ‘२’ची तीन माणसंही वेगळी दाखवायची नाहीत, ‘३ आणि त्याखालील : १८’ एवढं पुरे. पाचपेक्षा लहान आकडा शेजारच्या रकान्यात मिसळायचा, ही साधी खबरदारी. तरीही सावध राहावं लागतं : चार जणांच्या टेस्टिंग टीमचा तक्ता वगळून बाकीच्या टीमचे दिले, तरी पूर्ण विभागातून ते वजा करून कुणीही उत्तर काढतं.

आणि आकडे नसलेली वाक्यंही बोलतात. ‘प्रसूती रजेवरून परतलेल्या सहकाऱ्याच्या रेटिंगवर मतभेद झाले’ या वाक्यात नाव नाही. पण विभागात तशी एकच बाई असते. त्याऐवजी ‘वर्षाचा काही भागच काम केलेल्यांचं मूल्यमापन हजर काळाच्या उद्दिष्टांवर करायचं ठरलं’ असं लिहिलं की नियम कळतो, व्यक्ती कळत नाही.

दुसरा कागद म्हणजे बंद परिशिष्ट, एचआरमधल्या दोघातिघांपुरतं. त्यात प्रत्येक बदलासाठी एक ओळ : कर्मचारी क्रमांक, आधीचं रेटिंग, नंतरचं, कोणत्या निकषामुळे, कोणता पुरावा पाहून. ‘अॅटिट्यूड ठीक नाही’ ही नोंद इथंही चालत नाही. ‘ठरलेल्या चारपैकी दोन रिलीज मुदतीत’ ही चालते, कारण उद्या तीच ओळ त्या माणसासमोर ठेवावी लागेल. बाकीच्या सात ओळी न दाखवता ती एकटी काढून देता यावी, म्हणून चर्चेत ‘अमुकपेक्षा तमुक बरा’ अशी तुलना झाली तरी ती कागदावर उतरवायची नाही.

गळती मात्र बहुधा शब्दांतून होतच नाही. मीटिंगच्या निमंत्रणाला जोडलेली एक्सेल शीट बाहेर पडते. तिच्यातले रेटिंगचे रकाने ‘लपवलेले’ असतात आणि दोन क्लिकमध्ये उघडतात. इतिवृत्त सांभाळून लिहिलेलं असतं, आणि ४२ आकडे पंचवीस जणांच्या इनबॉक्समध्ये पडून असतात.