तेरा रुपये कमी, तेरा टक्के नाही



आमच्या लोधीखेड्यात माझ्या घराशेजारी एक काकू राहतात. घरी थोडा कापूस, थोडी संत्र्याची झाडं, आणि घरखर्चाची सगळी सूत्रं काकूंच्या हातात. मी आसपासच्या छोट्या दुकानदारांची हिशेबाची वह्या-पुस्तकं लिहितो, म्हणून करांबद्दल काही अडलं की त्या माझ्या ओसरीवर येतात. दिवाळीच्या तोंडावर अशाच आल्या, आणि पदराच्या गाठीतून अंघोळीच्या साबणाची दोन रिकामी वेष्टनं काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. चार वड्यांचा तोच पुडा. एकावर छापील किंमत ११८ रुपये, दुसऱ्यावर १०५.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "साबणावरचा टॅक्स अठराचा पाच झाला म्हणतात. म्हणजे तेरा टक्के गेले ना? मी मोबाइलवर हिशेब केला. एकशे अठरातून तेरा टक्के गेले, तर एकशे दोन रुपये सासष्ट पैसे होतात. हा एकशे पाच काऊन घेते?"

आजचं बोलणं या एका साबणाच्या पुड्याबद्दलच आहे. जीएसटी परिषदेची ५६ वी बैठक ३ सप्टेंबर २०२५ ला झाली आणि नवे दर २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेपासून लागू झाले. बाराचा आणि अठ्ठावीसचा टप्पा निघाला. मुख्य दर आता दोनच राहिले, पाच आणि अठरा. अंघोळीच्या साबणाची वडी अठरावरून पाचवर आली, हे काकूंचं म्हणणं बरोबर होतं. चूक होती ती टक्का कशावर धरायचा, यात.

वेष्टनावर छापलेल्या किमतीत कर आधीच मिसळलेला असतो. ११८ रुपयांच्या पुड्यात साबणाची स्वतःची किंमत १०० रुपये. त्यात कारखाना, वितरक, दुकानदार या सगळ्यांचं आलं. त्यावर १८ रुपये कर. हा अठरा टक्के त्या शंभरावरचा आहे, एकशे अठरावरचा नाही. दर पाच झाला की शंभरावर पाच रुपये, म्हणून १०५. तेरा रुपये कमी झाले ते खरेच. पण ११८ रुपयांतून तेरा गेले, म्हणजे गेले जेमतेम अकरा टक्के.

काकूंना हे दुधानं समजावलं. शंभर लिटर दुधात अठरा लिटर पाणी घातलं तर कॅनमध्ये एकशे अठरा लिटर होतं. पुढे कोणी म्हणालं की आता पाणी पाचच लिटर, तर तेरा लिटर पाणी कमी होईल. एकूण कॅनच्या तेरा टक्के काढायला गेलात, तर थोडं दूधही ओतून द्यावं लागेल. काकू हसल्या. कराला पाणी म्हटलेलं त्यांना आवडलं असावं.

घरी पडताळून पाहायला एक सोपा आकडा लक्षात ठेवा. ज्या वस्तूचा दर अठराचा पाच झाला, तिच्या जुन्या छापील किमतीतल्या दर शंभर रुपयांचे आता एकोणनव्वद व्हायला हवेत. टूथपेस्ट, केसांचं तेल, शाम्पू, बिस्किटं ही सगळी त्यात येतात. जिथे दर बाराचा पाच झाला, म्हणजे तूप, लोणी, पाकिटातला चिवडा-शेव, तिथे शंभराचे जवळपास चौऱ्याण्णव. तुमच्या हातातली नवी किंमत यापेक्षा बरीच वर असेल, तर कर कमी होताना कोणीतरी मूळ किंमत वाढवून घेतली, एवढं कळतं. मूळ किंमत वाढवायला कायद्याने बंदी नाही, पण ती वाढ कराच्या नावाखाली झाकली जाऊ नये.

आता काकूंच्या महिन्याच्या चिठ्ठीकडे येऊ. ती साधारण तीन हजारांची असते. त्यात गहू, तांदूळ, डाळी, गोडं तेल, साखर, चहा मिळून एकोणीसशे रुपये. यात काहीच बदललं नाही. सुटं धान्य आधीपासून करमुक्त होतं आणि तेल, साखर, चहा आधीपासून पाचवरच होते. कपडे धुण्याच्या पावडरीचे अडीचशे. ती अजून अठरावरच आहे, आणि गोंधळ इथेच होतो. अंगाला लावायची वडी पाचवर, कपड्यांची पावडर अठरावर, हात धुण्याचा पातळ साबणही अठरावर. दुकानात तिन्ही एकाच फळीवर उभे असतात. साबण, पेस्ट, केसांचं तेल, शाम्पू, बिस्किटांचे सहाशे. त्यात सहासष्ट रुपये वाचले. तूप आणि फरसाणाचे अडीचशे, त्यात सोळा. सगळं मिळून ब्याऐंशी रुपये. तीन हजारांत ब्याऐंशी म्हणजे तीन टक्क्यांनाही थोडं कमी. ज्यांच्या पोटात धान्य जास्त आणि फळीवर शाम्पू कमी, त्यांच्या चिठ्ठीत ही बचत आणखी बारीक होते. याउलट या वर्षी कोणी ट्रॅक्टर घेतला असेल तर तिथे बाराचा पाच झाला आहे, आणि त्या रकमेपुढे साबणाचा हिशेब विसरायला होईल.

काकूंचा दुसरा प्रश्न मात्र मला जास्त अवघड वाटला. ते ११८ छापलेलं जुनं वेष्टन नवरात्रातच घेतलेल्या पुड्याचं होतं, म्हणजे दर कमी झाल्यावरचं. दुकानदाराने नेहमीसारखे ११२ घेतले आणि म्हणाला, जुना माल आहे. काकूंच्या मते तो लबाड. मी त्याची बाजू घेतली, आणि का ते सांगतो.

समजा वितरकाने त्याला तो पुडा नव्वद रुपयांना दिला होता. त्यावर अठरा टक्के कर १६ रुपये २० पैसे. म्हणजे दुकानात पुडा पडला १०६ रुपये २० पैशांना. हाच दुकानदार जीएसटीत नोंदलेला असता, तर हे १६ रुपये २० पैसे त्याच्या खात्यावर जमा दिसले असते. पुडा १०५ ला विकून त्यातले पाच रुपये कर म्हणून दाखवले, ते त्या जमेतून वळते झाले, उरलेली जमा पुढच्या करासाठी राहिली. हातात शंभर रुपये, माल नव्वदचा, नफा दहा. पूर्वी ११८ ला विकतानाही नफा दहाच होता. त्याने जुना माल नव्या भावात न देण्याला काही कारण उरत नाही.

पण काकूंचा दुकानदार नोंदलेला नाही. मालाची वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल तर नोंदणी करावीच लागत नाही, आणि आपल्या गल्लीतली बरीच दुकानं या हद्दीत बसतात. अशा दुकानदाराला भरलेल्या कराची जमा मिळत नाही. त्याच्यासाठी १०६ रुपये २० पैसे हीच खरेदी. १०५ ला विकलं तर पुड्यामागे सव्वा रुपयाच्या आसपास खिशातून जातो. नोंदणी आहे पण एकरकमी एक टक्का कर भरायचा पर्याय घेतला आहे, त्या दुकानदारांचंही असंच. जमा त्यांनाही नाही. वितरकाने फरक परत दिला तर गोष्ट वेगळी. नाही दिला, तर जुना गठ्ठा संपेपर्यंत तो रडणारच. मी त्याला लबाड म्हणणार नाही.

त्यामुळे जुनी किंमत छापलेली दिसली की लगेच भांडू नका. बाजारात पडलेल्या जुन्या मालावर नव्या किमतीची चिठ्ठी चिकटवणं केंद्र सरकारने ऐच्छिक ठेवलं आहे, आणि कंपन्यांना जुनी छापलेली वेष्टनं ३१ मार्च २०२६ पर्यंत वापरायची मुभा दिली होती. कंपनीने नव्या किमतीची यादी वितरकाला आणि दुकानदाराला द्यायची असते. दुकानात ती यादी मागून पाहा. मोठ्या दुकानात छापील बिल मिळतं, तिथे तर काम सोपं. बिलावर करापुढे अठरा लिहिलंय की पाच, तेवढं वाचा. २२ सप्टेंबरनंतरच्या बिलावर अंघोळीच्या साबणापुढे अठरा असेल, तर ती चूक जुन्या मालाच्या नावावर खपत नाही. दर विक्रीच्या दिवशीचा लागतो, खरेदीच्या दिवशीचा नाही.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. जुनं आणि नवं, दोन्ही वेष्टनं आणि बिल जपून ठेवा, तोंडी तक्रारीला वजन येत नाही. एक गोष्ट स्पष्टच सांगतो. कर कमी झाल्याचा फायदा ग्राहकाला दिलाच पाहिजे, असं जीएसटी कायद्याचं १७१ वं कलम म्हणत होतं, पण त्याखाली नव्या तक्रारी घेणं १ एप्रिल २०२५ पासून बंद झालं आहे. म्हणजे दर कमी झाले तेव्हा ते दार आधीच लागलेलं होतं. हेल्पलाइन कंपनीला विचारते, पाठपुरावा करते, पण तिचा हात कलम १७१ इतका लांब नाही.

पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्याची गंमत वेगळीच. हिशेबाने तो ४ रुपये ४५ पैशांचा व्हायला हवा. पंचावन्न पैसे परत कोण देणार? दुकानदार गोळी हातात ठेवतो आणि हिशेब मिटतो. म्हणून अशा पुड्यात किंमत तीच ठेवून वजन वाढवणं, हा मार्ग मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो. मात्र तिथे किमतीकडे बघून काही कळत नाही, ग्रॅम वाचावे लागतात. पन्नास ग्रॅमचा पुडा असेल तर छप्पन्न ग्रॅमचा झाला पाहिजे. डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नसेल तर नातवंडांना वाचायला लावा, खाणारी तीच आहेत.

आपण सीमेवरचे लोक, म्हणून हेही विचारलं जातं की सावनेरला साबण स्वस्त पडेल का. जीएसटीचा दर मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रात एकच आहे. बदलतो तो राज्याचा अर्धा वाटा. सावनेरला घेतलात तर अडीच रुपये मुंबईच्या तिजोरीत, इथे घेतलात तर भोपाळच्या. पेट्रोलचं तसं नाही. ते जीएसटीत नाहीच, राज्याचा व्हॅट वेगवेगळा, म्हणून नाक्याच्या अलीकडे-पलीकडे भाव बदलतो. साबणासाठी बसचं तिकीट काढू नका.

हे सगळं ऐकून काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग नवं वेष्टन हातात घेऊन म्हणाल्या, "म्हणजे एकशे पाच बरोबर हाय."

मी म्हटलं, छापील किंमत बरोबर आहे. पण तुम्ही पूर्वी किती देत होता?

"एकशे बारा. सहा रुपये तो नेहमीच सोडे."

आणि आता?

"आता एकशे पाचचे एकशे पाच." आणि त्यांच्या लक्षात आलं. कर तेराने उतरला, पण काकूंच्या पदराला आले सातच. राहिलेले सहा म्हणजे दुकानदाराची जुनी सूट होती, आणि ती या घाईत गुपचूप गेली होती. त्यात बेकायदा काही नाही. छापील किमतीच्या आत किती घ्यायचं, हे त्याचं त्यानं ठरवायचं. त्याच हिशेबाने सूट चालू राहिली असती, तर पुडा शंभरच्या आसपास मिळाला असता.

दोन्ही वेष्टनं परत गाठीला बांधत काकू उठल्या. संध्याकाळी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "मी शंभर म्हटले, तो एकशे दोनवर अडला. दोन रुपये उद्या पाहतो."