रात्रीचं उठणं आणि बदललेला चष्मा

(सोसायटीच्या आरोग्य शिबिरात मधुमेह समुपदेशक ताईंनी केलेलं हे भाषण. बँकेतल्या सवयीने मी टिपणं काढत होतो, त्यावरून शक्यतो त्यांच्याच शब्दांत देत आहे.)

रात्री लघवीला दोन-तीनदा उठणारे किती जण आहेत? हात वर करा. (बरेच हात वर गेले, माझाही.) आता त्यासाठी म्हणून शुगर तपासलेल्यांनीच हात वर ठेवा. बघा, दोनच राहिले!

माझ्याकडे एक गृहस्थ आले होते, वय ५६. रात्री चारदा उठायचे. घरच्यांनी ठरवून टाकलं, प्रोस्टेट असणार, वय झालं. म्हणून संध्याकाळी सहानंतर पाणी बंद. तरी लघवी कमी होईना आणि घशाला कोरड. गंमत अशी, की रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली की मूत्रपिंडांना ती सगळी परत शोषून घेता येत नाही. ती लघवीत उतरते आणि जाताना पाणीही ओढून नेते. म्हणजे पाणी जास्त प्यायल्याने लघवी होत नव्हती, लघवी जास्त झाल्याने तहान लागत होती. अशा वेळी पाणी तोडणं उलट धोक्याचं.

दुसरी गोष्ट त्यांना चक्क चांगली वाटत होती. चष्म्याशिवाय पेपर वाचता यायला लागला होता! पण समोरून येणाऱ्या बसचा नंबर दिसेना. साखर वाढली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर सरकतो. त्यांनी लगेच नवा चष्मा केला. पुढे तपासणीत उपाशीपोटी शुगर १८८ निघाली, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ९.६. (उपाशीपोटी १२६ आणि एचबीएवनसी ६.५, तिथून पुढे मधुमेह धरतात.) औषध सुरू झालं, साखर उतरली, नंबर पुन्हा सरकला आणि चष्मा कपाटात गेला. म्हणून साखर काही आठवडे स्थिर झाल्याशिवाय नवा चष्मा करू नका.

आता कोणी म्हणेल, मला असलं काहीच होत नाही. पण वय वाढतं तशी ती १८०ची पायरी बऱ्याच जणांत वर सरकते. शुगर दोनशेच्या पुढे असूनही रात्री छान झोप लागते. तेव्हा नुसत्या लक्षणांची वाट पाहू नका, रक्त तपासा.

(भाषण संपल्यावर मीही टेबलापाशी गेलो. बोट टोचून पाहिलं, २१४! ताई म्हणाल्या, "काका, या यंत्रावरून निदान करत नाहीत. उद्या उपाशीपोटी लॅबमध्ये जा." गेलो. १४२ आली, एचबीएवनसी ७.६. सौभाग्यवतींनी त्याच संध्याकाळी चष्म्याच्या दुकानात फोन करून माझी ऑर्डर थांबवली.)