‘दादा, कॉलेजची लिस्ट पाठव ना’

जूनमध्ये बोदवडहून माझ्या आतेभावाचा मेसेज आला, ‘दादा, इंजिनिअरिंगच्या चांगल्या कॉलेजची लिस्ट पाठव ना.’ बस्स, एवढंच. किती कॉलेजं, कोणत्या क्रमाने आणि प्रत्येकाबद्दल किती माहिती, यातलं काहीच नाही. मी लिस्ट पाठवली नाही, उलट फोन लावला. कारण ही लिस्ट शेवटी सीईटी सेलच्या कॅपच्या ऑप्शन फॉर्ममध्ये जाणार होती, आणि तिथे क्रमावरच सगळं ठरतं.

आधी एक गोष्ट. फॉर्मच्या एका ओळीत कॉलेज आणि शाखा दोन्ही मिळून एक पर्याय असतो. म्हणजे पाच कॉलेजं आणि तीन शाखा म्हटल्या की पंधरा ओळी झाल्या. ओळी जास्त झाल्या तरी काही बिघडत नाही. सिस्टम वरून खाली येते, आणि तुमच्या मेरिटवर जी पहिली जागा मिळू शकते ती देऊन थांबते. खालच्या ओळी मग पाहतच नाही.

म्हणून मी त्याला विचारलं, ‘पुण्यात मेकॅनिकल आणि जळगावात कॉम्प्युटर, दोन्ही मिळत असतील तर कुठे जाशील?’ तो बराच वेळ गप्प. पुण्याचं कॉम्प्युटर त्याच्या पर्सेंटाइलच्या जरा वर होतं, बाकी दोन्ही आवाक्यात होते. पुण्याचं मेकॅनिकल वर लिहिलं तर तेच मिळणार, जळगावचं वर लिहिलं तर ते. मार्क तेच, ओळी त्याच, पण पुढची चार वर्षं वेगळी. हे त्यानंच ठरवायला हवं ना भाऊ? मी पाठवलेल्या लिस्टमध्ये माझीच आवड वर बसली असती.

आता खरी गोम. 2025-26 च्या नियमात पहिल्या राऊंडला पहिला पर्याय मिळाला, दुसऱ्याला पहिल्या तीनपैकी, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी एखादा मिळाला, की ती जागा आपोआप फ्रीज. पुढच्या राऊंडमध्ये तुम्ही नाही. कटऑफ उतरेल म्हणून पुण्याच्या कॉम्प्युटरची वाट बघायची असेल, तर दुसऱ्या राऊंडला जळगावचं कॉम्प्युटर चौथ्या नंबरवर किंवा त्याखाली हवं. आणि वरच्या तिन्ही ओळींत असंच लिहायचं, जे मिळालं तर आनंदाने घ्याल. ‘सेफ आहे’ म्हणून एखादी जागा वर टाकली की तीच गळ्यात पडते. यंदाचे आकडे मात्र माहिती पुस्तिकेत बघून घ्या, नियम बदलतात.

राहिली माहिती. वरच्या सात-आठ ओळींसाठी त्याने आपल्या कॅटेगरीचा मागच्या वर्षीचा प्रत्येक राऊंडचा कटऑफ, फी आणि हॉस्टेल एवढं वहीत लिहिलं. खालच्या ओळींसाठी फक्त ‘इथे मिळालं तर जाणार का?’ हा एकच प्रश्न. ज्यांना उत्तर ‘नाही’ आलं, त्या त्याने खोडल्या. रात्री त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला, बावीस ओळींचा. दुसऱ्या नंबरवर काय होतं? जळगावचं कॉम्प्युटर.