तिसरीचा वर्ग, सहा मुलं आणि एक प्रश्न

कृतिसंशोधनाचे अहवाल चाळले की एक शीर्षक वारंवार भेटतं: 'विद्यार्थ्यांची वाचनक्षमता वाढवण्यासाठी विविध उपक्रमांचा अभ्यास'. यातले 'वाचनक्षमता' आणि 'विविध' हे दोन शब्द सगळं काम बिघडवतात. सहा महिन्यांनी वाचन सुधारलं, तरी नेमकं काय सुधारलं आणि कशामुळे, हे अहवाल लिहिणाऱ्या शिक्षिकेला सांगता येत नाही. म्हणून आज फक्त ओघवत्या वाचनाबद्दल, आणि त्यातही प्रश्न ठरवण्याबद्दल बोलतो.

समजा, तिसरीचा वर्ग आहे. प्रश्न लिहायला बसण्याआधी एकेका मुलाला जवळ बोलवा, न वाचलेला उतारा द्या आणि एक मिनिट वाचून घ्या. तुमच्या प्रतीवर चुकलेल्या आणि गाळलेल्या शब्दांवर खूण करत जा. आता दोन मुलं पाहा. दोघंही मिनिटात अडतीस शब्दांपर्यंत पोचली. एकाचे छत्तीस बरोबर, दुसऱ्याचे एकोणतीस. वेग सारखाच, अडचण मात्र वेगळी. दुसऱ्याच्या खुणा पाहिल्या तर बहुतेक जोडाक्षरांवर पडलेल्या दिसतील. त्याला आधी 'स्व', 'ष्ट', 'र्य' पक्के करून हवेत. पहिला अक्षरं ओळखतो, पण प्रत्येक शब्द जुळवत वाचतो. तिसरं एखादं मूल भराभर वाचतं आणि पूर्णविरामालाही थांबत नाही. या तिघांना एकाच अभ्यासात घेतलं, तर कोणताच उपाय तिघांनाही लागू पडणार नाही.

माझा आग्रह असा, की पहिल्यासारखी, म्हणजे शंभरातले साधारण पंच्याण्णव शब्द बरोबर पण संथ वाचणारी मुलंच घ्या. त्यांच्यासाठी एक जुना, तपासलेला उपाय आहे: एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचणे. एस. जे. सॅम्युएल्स यांनी १९७९ साली तो मांडला. शब्द ओळखण्यातच सगळं लक्ष खर्ची पडलं, तर अर्थाकडे लक्ष उरत नाही, हा त्यामागचा विचार.

आता वेळेचा हिशेब करा, कारण व्याप्ती तिथेच ठरते. मिनिटाला पस्तीस शब्द वाचणाऱ्या मुलाला पन्नास शब्दांच्या उताऱ्याला दीड मिनिट लागतं. तीनदा वाचलं की साडेचार मिनिटं. जोडीतला एक वाचेल, दुसरा बोट ठेवून ऐकेल, मग अदलाबदल. पंधरा मिनिटांत जोडीचं काम होतं. तीन जोड्या, म्हणजे सहा मुलं, एका शिक्षिकेला एकाच वेळी नीट सांभाळता येतात. वीस घेतली, की चौथ्या दिवशी कोण किती वेळा वाचलं याची नोंद राहत नाही.

मग प्रश्न असा होतो: तिसरीतल्या, अचूक पण संथ वाचणाऱ्या सहा मुलांनी सहा आठवडे, आठवड्यातून चार दिवस, पन्नास शब्दांचा उतारा जोडीने तीन तीनदा वाचला, तर न वाचलेल्या उताऱ्यातले त्यांचे मिनिटाला अचूक शब्द किती बदलतात?

यातलं 'न वाचलेल्या' हे फार महत्त्वाचं आहे. सरावाच्या उताऱ्यात वेग वाढणारच. मुलाला तो निम्मा पाठ झालेला असतो. तो आकडा अहवालात यश म्हणून आला, तर समजावं की प्रश्न सुटलेला नाही.

मराठीची एक खास अडचण इथे येते. 'घर' हा एक शब्द आणि 'शाळेतल्यासारखं' हाही एकच शब्द. लांब, प्रत्यय जडलेल्या शब्दांचा उतारा आला की मूल आपोआप संथ दिसतं. म्हणून मोजणीचे उतारे एकाच पाठ्यपुस्तकाच्या पातळीचे घ्या, शंभर शब्दांत अक्षरं किती आणि जोडाक्षरं किती ते मोजून जुळवा. दर शनिवारी प्रत्येकाला तीन उतारे, एकेक मिनिट वाचायला द्या आणि मधला आकडा नोंदवा. वाचून झाल्यावर 'काय होतं यात?' एवढंच विचारा. वेग वाढतोय आणि सांगता काहीच येत नाही, असं दिसलं तर मूल घड्याळाशी शर्यत लावतंय.

ही मोजणी सराव सुरू होण्याआधी तीन शनिवार करा. त्या काळातही आकडा चढत असेल, तर नंतरच्या चढाचं सगळं श्रेय उपक्रमाला देता येणार नाही. दिवाळीची सुट्टी आणि घटक चाचणी टाळून नऊ आठवडे सलग मिळतात का, हे आधी पंचांगात पाहा. मिळत नसतील तर सरावाचा एक आठवडा कमी करा, मोजणीचा नको.

दोन मोह दूर ठेवा. मधेच शब्दपट्ट्या, घरचं वाचन, बक्षिसं सुरू करू नका. पाचव्या आठवड्यात चढलेला आकडा मग कोणाचा? आणि निपुण भारतने तिसरीसाठी ठेवलेलं मिनिटाला किमान साठ शब्दांचं लक्ष्य या अभ्यासाचा निकष करू नका. चौतीसवरून शेहेचाळीसवर गेलेलं मूल त्या मोजपट्टीवर नापास दिसेल, तुमच्या प्रश्नाला मात्र त्याने स्पष्ट उत्तर दिलेलं असेल. अहवालातही तेवढंच लिहा: या सहा मुलांचं, या नऊ आठवड्यांतलं. जोडाक्षरांवर अडणाऱ्या मुलांचा प्रश्न पुढच्या सत्रासाठी वेगळ्या पानावर लिहून ठेवा, त्यांच्या पहिल्या दिवशीच्या खुणांसकट.