तूट आणि डळमळ

निर्देशांकाच्या मागोमाग चालावे, एवढीच ज्याची प्रतिज्ञा, त्या इंडेक्स फंडाने ती कितपत पाळली याची साक्ष देणारे दोन आकडे आहेत. ट्रॅकिंग डिफरन्स ही फंडाच्या आणि निर्देशांकाच्या परताव्यांची साधी वजाबाकी. ट्रॅकिंग एरर मात्र या दोहोंतील रोजची तफावत स्वतःच्याच सरासरीभोवती किती हेलकावते, याचे वार्षिक प्रमाण-विचलन. ‘एरर’ म्हणजे चूक, असा शब्दार्थ मनात धरून सामान्य धारक दुसराच आकडा पाहतो आणि तिथेच फसतो.

कल्पना करा की, लाभांश धरून निर्देशांकाने वर्षाला १२ टक्के दिले. पहिल्या फंडाचा खर्च ०.९ टक्के, तो रोज सुमारे ०.००२५ टक्के या समान हप्त्याने वजा होत असल्याने त्यात हेलकावा नाही, आणि म्हणून ट्रॅकिंग एरर अवघी ०.०३ टक्के, परंतु परतावा ११.१. दुसऱ्याचा खर्च अल्प. तथापि लाभांशाची रक्कम उशिरा हाती येणे, निर्देशांकातील कंपन्या बदलताना खरेदीचा भाव किंचित चुकणे, यांमुळे त्याची एरर ०.१० टक्के, आणि परतावा ११.८. रोज नेमकी तितकीच दस्तुरी कापणाऱ्या मुनिमाचे दफ्तर नीटनेटके दिसावे, तशी पहिल्या फंडाची गत! वीस वर्षांनी एका लाखाचे पहिल्याकडे सुमारे ८.२१ लाख होतात, दुसऱ्याकडे ९.३१ लाख.

मग एरर निरुपयोगी काय? नव्हे. अल्प मुदतीत निर्देशांकाशी तंतोतंत जुळवून घेणाऱ्या मोठ्या संस्थांना ती महत्त्वाची. धारकालाही ती एकाएकी वाढली, तर रोकड पडून राहिली किंवा व्यवस्थापनात ढिलाई आली, असा संशय घेण्यास आधार देते. सेबीने २०२२ साली समभागांच्या अशा फंडांना एररची मर्यादा २ टक्के घातली आणि डिफरन्सही प्रसिद्ध करण्याचा दंडक केला. डिफरन्स एकाच वर्षाचा मात्र पाहू नये. पडत्या बाजारात पडून राहिलेली रोकडही फंडाला निर्देशांकापेक्षा सरस भासवते.

ईटीएफधारकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: हे दोन्ही आकडे निव्वळ मालमत्ता मूल्यावरून काढलेले असतात, त्याची खरेदी-विक्री मात्र बाजारभावाने होते. मूल्याहून १ टक्का चढा भाव देणाऱ्याने कित्येक वर्षांची खर्चबचत एका सौद्यात गमावलेली असू शकते.

तेव्हा निर्देशांक लाभांशासहित घेतला आहे ना, हे तपासून तीन व पाच वर्षांचा डिफरन्स आधी पाहावा, एरर त्यानंतर. कारण धारकाच्या पदरी पडते ती बाकी, हेलकावा नव्हे.