चौघांचा शिरा बावीस जणींना

गटाच्या मोबाईलवर कुणीतरी पाककृतीच्या कार्डाचा फोटो पाठवते आणि खाली लिहिलेले असते, 'चार जणांसाठी'. समजा, देवरीला संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बावीस बाया येणार आहेत आणि कार्ड शिऱ्याचे आहे: रवा १ कप, साखर २/३ कप, तूप १/३ कप, पाणी २ कप.

आधी फोटो मोठा करून आकडे नीट वाचा. फोटो अस्पष्ट असला की २/३ मधली तिरपी रेघ आडवी वाटते आणि '२-३ कप' असे वाचले जाते. मग पडताळा घ्या. एक कप रव्याला दोन-तीन कप साखर कोण घालेल? म्हणजे ते दोन तृतीयांशच.

आता बावीसला चारने भागा. साडेपाच आले. प्रत्येक जिन्नस साडेपाच पट घ्यायचा. रवा साडेपाच कप, पाणी अकरा कप, इथपर्यंत सोपे आहे. अडचण साखरेची. आपल्या तोंडात पाव, अर्धा, पाऊण बसलेले, म्हणून २/३ ला आपण पाऊण समजतो. एका कपाला तो फरक कळत नाही, पण साडेपाच पट केल्यावर साखर जवळजवळ अर्धा कप जास्त पडते.

म्हणून कपाचे तीन सारखे भाग करा. कप काठोकाठ पाण्याने भरा आणि ते पाणी तीन सारख्या पेल्यांत सारखे ओता. एका पेल्यावर पाण्याच्या पातळीशी खूण करा. त्या खुणेपर्यंत तीनदा पाणी भरून कपात ओता. कप बरोबर भरला, तर माप खरे. पेला पुसून कोरडा करा.

या मापाने २/३ म्हणजे दोन मापे. दोनाची साडेपाच पट अकरा, म्हणून साखर अकरा मापे. तूप एक माप होते, ते साडेपाच मापे. अपूर्णांकांचा गुणाकार करावाच लागला नाही. अकरा मापे म्हणजे तीन कप आणि वर दोन मापे.

दोन गोष्टी मात्र हिशोबाने तंतोतंत वाढवू नका. मोठ्या कढईत पाणी त्या प्रमाणात आटत नाही, म्हणून अकरातला एक कप गरम पाणी बाजूला ठेवा. रवा फुलला नाही, दाताखाली कच्चा लागला, तरच ते घाला. वेलची पूड कार्डात अर्धा चमचा असेल तर हिशोबाने पावणेतीन चमचे होते. आधी दोनच घाला आणि चाखून बघा.

वेळही साडेपाच पट नसतो. साडेपाच कप रवा एकदम टाकला तर तळचा करपतो आणि वरचा कच्चा राहतो. तो दोन घाण्यांत भाजा, आणि घड्याळापेक्षा रंग व वास बघून उतरवा.